गणपतीला गावी जायचंय : दुबईतल्या साहेबाला रजेचं पत्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी संगमेश्वर तालुक्यातला. दुबईत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत टाइमकीपर आहे. हजेरी, ओव्हरटाइम आणि रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. मे महिना उजाडला की कोकणातल्या पोरांचे मेसेज चालू होतात आणि ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत थांबत नाहीत. दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून ती एकदाच इथे लिहून ठेवतो. हे सगळं संयुक्त अरब अमिरातीतल्या खासगी कंपनीत काम करणाऱ्यांसाठी आहे. घरकामगार आणि इतर देशांतल्या लोकांनी प्रश्न १४ आधी वाचावा.

१. गणपतीची सुट्टी मिळणं हा माझा हक्क आहे का?

गणपतीची म्हणून नाही. इथल्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीत गणेश चतुर्थी नाही, दिवाळीही नाही. तुमचा हक्क आहे तो वार्षिक रजेवर. २०२१ चा कामगार कायदा (क्रमांक ३३, फेब्रुवारी २०२२ पासून लागू) सांगतो की एक वर्ष नोकरी झाली की वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा मिळते. सहा महिने झाले पण वर्ष भरलं नाही, तर महिन्याला २ दिवस. मात्र रजा कधी द्यायची हे कामाच्या गरजेनुसार कंपनी ठरवते. ठरवलं की किमान एक महिना आधी तुम्हाला कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे.

म्हणजे रजा तुमची असते, पण तारीख कंपनीच्या हातात असते. आपलं पत्र त्या तारखेसाठी असतं. हे डोक्यात पक्कं असलं की पत्राचा सूर आपोआप बरोबर लागतो. "मला सुट्टी द्या" म्हणण्याऐवजी "माझी जी रजा शिल्लक आहे त्यातले इतके दिवस या तारखांना द्या" असं मागायचं.

२. आमच्या कंपनीत दोन वर्षांनी एकदम ६० दिवस सोडतात. मधेच १०-१२ दिवस मागता येतात का?

मागता येतात. दोन वर्षांनी एकदम सोडायची पद्धत कॉन्ट्रॅक्टिंग कंपन्यांत जुनी आहे आणि पुष्कळांना तीच सोयीची वाटते, कारण कंपनीचं तिकीट त्याच वेळी मिळतं. पण साठलेली रजा दोन वर्षांपेक्षा जास्त काळ कंपनीला अडवून धरता येत नाही. त्यातला तुकडा आधी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, कंपनीची संमती तेवढी लागते.

तिकिटाचं मात्र आपला करार काढून वाचा. दरवर्षी गावी जायचं तिकीट कंपनीने द्यावं असं कायदा म्हणत नाही. करारात "दोन वर्षांनी एक तिकीट" असेल तर गणपतीचं तिकीट तुमच्या खिशातून जाणार, आणि पत्रात ते स्वतःहून लिहून टाकलेलं बरं. "प्रवासखर्च माझा" हे दोन शब्द वाचल्यावर एचआरचा निम्मा विरोध मावळलेला मी कितीदा पाहिला आहे.

३. पत्र किती आधी द्यायचं?

तीन महिने आधी. "एवढ्या लवकर कोण बघतं?" असं सगळे विचारतात. बघतात की नाही ते सोडा, अडचण कोकण रेल्वेची आहे. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. त्या दिवशी सकाळी तुमच्या हातात मंजुरी नसेल तर तुम्ही तिकीट काढणार कशाच्या जोरावर?

२०२६ चं उदाहरण घ्या. चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. ११ तारखेच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण उघडतं १३ जुलैला. म्हणजे मंजुरी ६ जुलैपर्यंत हवी आणि त्यासाठी पत्र जूनच्या मध्याला. मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर राहणाऱ्यांना माझं काही सांगणं नाही. त्यांनी एक दिवस जादा धरावा, बस्स.

सिंधुदुर्गातले बरेच जण हल्ली गोव्यात मोपाला उतरतात. सावंतवाडी-दोडामार्ग बाजूच्यांना त्याने रेल्वेची कटकट वाचते. चिपळूण-संगमेश्वरवाल्यांना मुंबईच बरी.

४. पत्रात नेमकं काय लिहायचं?

सहा गोष्टी: तुमचा कर्मचारी क्रमांक आणि विभाग, रजेची पहिली तारीख, रजेची शेवटची तारीख, कामावर परत हजर व्हायची तारीख, शिल्लक रजा किती, आणि तुमचं काम कोण बघणार. कारण एका-दोन वाक्यांत. एवढंच.

लोक नेमकं उलटं करतात. पहिलं पान बाप्पाच्या महिम्यात जातं आणि तारीख शेवटी सापडते, तीही "गणपतीच्या वेळी" अशी. साइट इंजिनिअरला काय कळणार गणपतीची वेळ! परत हजर व्हायची तारीख तर दहातले सात जण लिहीतच नाहीत. "२२ सप्टेंबरपर्यंत रजा" यावरून तुम्ही २२ ला कामावर दिसणार की २३ ला, यावर हजेरीपटाशी मी दरवर्षी भांडतो. एकदा त्या घोळात एका पोराचा एक दिवस गैरहजेरीत गेला. तो माझ्यावर चिडला, आणि खरं सांगायचं तर चिडणं रास्त होतं, मीच त्याला आधी विचारायला हवं होतं.

५. एखादा नमुना द्या ना.

देतो. हा नमुना एका खऱ्या अर्जावर बेतलेला आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. हा भाऊ वर्कशॉपमध्ये डक्टमन, म्हणजे एसीचे पत्र्याचे डक्ट बनवतो. मार्च २०२४ ला रुजू झाला. पहिल्या वर्षाची रजा २०२५ च्या उन्हाळ्यात संपवली, दुसऱ्या वर्षाचे ३० दिवस शिल्लक. घरचा गणपती चार भावांत पाळीने फिरतो आणि २०२६ ची पाळी त्याची. त्यात घरात नवी सून, म्हणजे तिचा गौरीचा पहिला ओवसाही याच वर्षी.

> १५ जून २०२६
>
> प्रति : वर्कशॉप मॅनेजर
> प्रत : एचआर विभाग
>
> विषय : ११ ते २२ सप्टेंबर २०२६ अशी १२ दिवसांची वार्षिक रजा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी डक्ट वर्कशॉपमध्ये कामाला आहे. माझा कर्मचारी क्रमांक वर दिला आहे. माझी ३० दिवसांची वार्षिक रजा शिल्लक आहे. त्यातले १२ दिवस मला शुक्रवार ११ सप्टेंबर ते मंगळवार २२ सप्टेंबर २०२६ असे हवे आहेत. बुधवार २३ सप्टेंबरला सकाळी ७ वाजता मी कामावर हजर होईन.
>
> १४ सप्टेंबरला आमच्या घरचा गणेशोत्सव आहे. हा आमच्या कुटुंबाचा वर्षातला सर्वांत मोठा सण असून तो मूळ घरी साजरा होतो. चार भावांपैकी एकाकडे दरवर्षी तो करण्याची जबाबदारी येते. यंदा ती माझ्याकडे आहे.
>
> माझ्या गैरहजेरीत माझं काम माझे सहकारी (कर्मचारी क्रमांक खाली) पाहतील. त्यांची संमती आहे आणि त्यांनी खाली सही केली आहे. छठ पूजेच्या वेळी मी त्यांचं काम पाहीन. ११ सप्टेंबरपूर्वी देय असलेले डक्ट मी १० तारखेपर्यंत पूर्ण करून देईन.
>
> प्रवासखर्च माझा राहील. रेल्वेचं आरक्षण १३ जुलैला उघडत असल्याने ६ जुलैपर्यंत उत्तर मिळालं तर सोयीचं होईल. या तारखा शक्य नसतील तर १२ ते २० सप्टेंबर हे ९ दिवस तरी मिळावेत, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, मोबाईल क्रमांक)

गुरुवारी १० तारखेला शिफ्ट संपवून तो रात्रीच्या विमानात बसणार. शुक्रवारी पहाटे मुंबई, त्याच रात्री गाडी, शनिवारी सकाळी घर. रविवारी मूर्ती आणायची, सोमवारी प्रतिष्ठापना. गौरी येऊन-जाऊन, सगळं उरकून परत फिरायला पुरेसे दिवस राहतात. रजा १२ दिवस, शिल्लक १८.

पत्रातल्या दोन जागा नीट बघा. छठची देवाणघेवाण तिथे उगाच आलेली नाही. बदली माणूस बिहारचा होता, त्याला नोव्हेंबरात रजा हवीच होती, आणि मॅनेजरला एका कागदात दोन गोष्टी मिटल्यासारख्या वाटल्या. दुसरी जागा म्हणजे शेवटचा ९ दिवसांचा पर्याय. "हो की नाही" विचारलं तर घाईतला माणूस नाही म्हणतो. "बारा की नऊ" विचारलं तर तो कॅलेंडर काढतो.

६. मला इंग्रजी येत नाही. मराठीत लिहिलं तर चालेल?

मॅनेजर इजिप्तचा असेल तर तो मराठी काय वाचणार? पत्र इंग्रजीतच जातं. पण आधी मराठीत वरच्यासारखं छोट्या वाक्यांत लिहा आणि मग रूममेटकडून, टाइमकीपरकडून किंवा फोनवरून इंग्रजी करून घ्या. झालं की त्याच माणसाकडून ते परत मराठीत वाचून घ्या. तारखा स्वतः तपासा आणि महिना अक्षरात लिहा. ११/०९ हे कुणी ९ नोव्हेंबर असंही वाचतं.

अर्ज कंपनीच्या अ‍ॅपवर भरायचा असेल तर तिथे "अ‍ॅन्युअल लीव्ह" निवडा. "इमर्जन्सी लीव्ह" निवडू नका, ती बिनपगारी धरतात. पत्राचा फोटो जोडा. कागदावर दिलंत तर एका प्रतीवर "मिळाले", तारीख आणि सही घेऊन ती प्रत आपल्याकडे ठेवा.

७. धर्माचं कारण लिहावं की "घरगुती काम" म्हणावं?

खरं कारण लिहा. धर्मावरून भेदभाव करायला कामगार कायद्यात बंदी आहे, आणि सणाचं नाव घेतलं म्हणून कुणी रागावल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. "घरगुती काम" वाचलं की उलट प्रश्न वाढतात.

फक्त समोरच्याला कळेल असं लिहा. अरब मॅनेजरला "मूळ घरी सगळं कुटुंब जमतं, तारीख चांद्र पंचांगावर ठरते" एवढं सांगितलं की त्याच्या डोळ्यांसमोर ईद येते आणि पुढचं बोलावं लागत नाही. मल्याळी असेल तर "आमचा ओणम" म्हणा, तो स्वतःच तारखा विचारेल. पाळी काय असते हे सगळ्यांना पटतं. ओवसा पत्रात घालू नका, समजावता समजावता तुमचाच अर्धा दिवस जाईल.

८. साहेब म्हणतो, "गेल्या वर्षी तुझा सण ऑगस्टमध्ये होता, आता सप्टेंबर कसा?" काय सांगू?

हा प्रश्न २०२६ साठी फार जणांनी पाठवला. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ ला १४ सप्टेंबरला. साहेबाला वाटतं, पोरगा सोयीप्रमाणे तारीख सरकवतोय. त्यातून तो हिजरी कॅलेंडरचा सवयीचा. तिथे सण दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो आणि येतच राहतो. उडी मारून पुढे कधीच जात नाही.

त्याला असं सांगा: आमचं वर्षही चंद्राचं, म्हणून तेही ११ दिवसांनी अलीकडे सरकतं. पण ऋतू चुकू नयेत म्हणून साधारण तीन वर्षांतून एकदा आम्ही एक महिना जादा घालतो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला, म्हणून पुढचे सगळे सण उशिरा. फोनवर पंचांग उघडून दाखवा. शक्य असेल तर पुढच्या वर्षाची तारीखही आत्ताच देऊन ठेवा: २०२७ ला ४ सप्टेंबर.

९. रजा नाकारली. आता?

कारण लेखी विचारा, भांडणाच्या सुरात नको. कारण काय यावर पुढची चाल ठरते.

"त्या तारखांना माणसं कमी आहेत" हे असेल तर पर्यायी तारखा आणि बदली माणूस घेऊन परत जा. सप्टेंबरचा मध्य साइटवर वाईट काळ असतो हे लक्षात ठेवा. उन्हात काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवावं लागतं. १६ तारखेपासून पूर्ण दिवस मोकळा मिळतो आणि तुंबलेलं काम ढकलायला इंजिनिअर टपून बसलेला असतो. २०२६ चा गणपती नेमका त्याच आठवड्यात. म्हणून साइटवाल्यांनी चतुर्थीच्या बाजूचे दिवस मागावेत आणि १७-१८ तारखेलाच परत यायची तयारी दाखवावी. वर्कशॉप आणि मेंटेनन्सवाल्यांना ही अडचण तितकीशी नाही.

"रजा शिल्लक नाही" असं उत्तर असेल तर प्रश्न १० बघा. आणि दोन वर्षं उलटूनही रजाच देत नसतील तर तो विषय गणपतीचा उरत नाही. मग मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे आपण ज्याला मोहरे म्हणतो त्यांच्या, ८००८४ या क्रमांकावर विचारा. एका वर्षी गणपतीच्या तारखा मिळाल्या नाहीत म्हणून तक्रारीला जाऊ नका. तिथे तुमची बाजू लंगडी आहे, कारण प्रश्न १ मध्ये सांगितलेलंच.

१०. शिल्लक रजा शून्य. बिनपगारी मिळेल का?

मालक तयार असेल तर मिळते, नाहीतर नाही. पगार बुडतोच, शिवाय ते दिवस नोकरीच्या मुदतीत धरत नाहीत, म्हणजे शेवटी ग्रॅच्युइटी काढतानाही ते वजा. १०-१२ दिवसांनी ग्रॅच्युइटीत फारसा फरक पडत नाही, पण दरवर्षी महिना महिना घेणाऱ्यांनी हिशोब करून पाहावा. पत्रात "बिनपगारी रजा" असा स्पष्ट शब्द वापरा. पुढच्या वर्षाची रजा आगाऊ मागत असाल तर तसं लिहा. दोन्हीची सरमिसळ झाली की पगाराच्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी उभे राहता.

११. गावी जाता येत नाही. निदान त्या दिवशी कामाची वेळ बदलून मागता येईल का?

येईल, आणि हे मागणाऱ्यांना नकार क्वचितच मिळतो. कारण मागणं छोटं असतं. पण ते खरोखर छोटं करून मागायला हवं.

आधी घड्याळ लावा. दुबई भारताच्या दीड तास मागे. घरी प्रतिष्ठापना सकाळी साडेअकराला ठरली असेल तर इथे दहा वाजलेले असतात. घरची संध्याकाळची आरती साडेसातला, म्हणजे इथे सहाला. आता तुमची शिफ्ट ७ ते १२ आणि १ ते ४ असेल तर संध्याकाळच्या आरतीसाठी काही मागायचंच नाही, तुम्ही तोवर कॅम्पवर पोचलेले असता. अडचण फक्त सकाळच्या एका तासाची. बहुतेक जण त्यासाठी अर्धा दिवस मागतात आणि नकार घेऊन येतात.

त्याऐवजी जेवणाची सुट्टी त्या दिवसापुरती १२ वरून १० वर आणायला सांगा. कायद्याचा नियम असा की सलग ५ तासांपेक्षा जास्त काम विश्रांतीशिवाय करून घेता येत नाही. ७ ते १० काम, १० ते ११ सुट्टी, ११ ते ४ काम. शेवटचा टप्पा बरोबर ५ तासांचा होतो, नियम मोडत नाही आणि एक मिनिटही कंपनीचं बुडत नाही. पत्र चार ओळींचं: "सोमवार १४ सप्टेंबरला घरच्या पूजेत मोबाईलवरून सामील व्हायचं आहे. त्या एका दिवसासाठी माझी १२ ते १ ची सुट्टी १० ते ११ करावी. एकूण काम ८ तासच राहील. फोरमनना विचारलं आहे, त्यांची हरकत नाही." फोरमनना खरंच विचारा, हे वेगळं सांगायला नको.

१२. आणि खरंच अर्धा दिवस हवा असेल तर? भरून कसा द्यायचा?

देवळात जायचं असेल तर अर्धा दिवस लागतो, कबूल. जबल अलीच्या देवळात ऑक्टोबर २०२२ पासून जाता येतं. अबुधाबीचं मोठं मंदिर फेब्रुवारी २०२४ ला उघडलं, पण दुबईच्या कॅम्पवरून तिकडे जाऊन-येऊन दिवसच जातो.

समजा दुपारी १ ते ४ हे तीन तास सोडायचे. "दुसऱ्या दिवशी तीन तास जास्त करतो" असं लिहू नका. जादा काम दिवसाला २ तासांच्या वर नेता येत नाही, आणि तुम्ही असं लिहिलंत की एचआरला पत्र बाजूला ठेवायला कारण मिळतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज एक तास असं लिहा. आणि पुढचं वाक्य विसरू नका: "हे तास १४ तारखेच्या बदल्यात असून त्यांचा ओव्हरटाइम मी मागणार नाही." एरवी ओव्हरटाइमला किमान २५ टक्के जास्त द्यावे लागतात आणि त्याच धास्तीने मॅनेजर अदलाबदलीला बिचकतो.

साप्ताहिक सुट्टी बदलून घेणं हा अजून सोपा रस्ता. तुमची सुट्टी रविवारी असेल तर तो रविवार काम करून सोमवार मागा. फक्त दोन्ही तारखा लिहा.

१३. कॅम्पमध्ये गणपती बसवायची परवानगी याच पत्रात मागू का?

नको. रजा मॅनेजर देतो, कॅम्प वेगळ्या माणसाच्या ताब्यात असतो. तिथली परवानगी कॅम्प बॉसकडे वेगळी मागा, आणि खोलीतली साधी तसबीर, निरांजन, हळू आवाजातली आरती याच्या पुढे जाऊ नका. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो: वर्गणी काढू नका. परवान्याशिवाय निधी गोळा करायला इथे कायद्याने बंदी आहे. "पाच-पाच दिरहमचे तर आहेत" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरवणारे भेटतात. त्या यादीवर तुमचं नाव नसलेलं बरं. मोदक आपल्या पैशाने आणा आणि वाटा.

१४. मी घरात ड्रायव्हर/स्वयंपाकी आहे. किंवा सौदीत आहे. हेच लागू का?

घरकामगारांचा कायदा वेगळा आहे, २०२२ चा. तिथेही वर्षाला ३० दिवस रजा आणि आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आहे, पण बदली माणूस मिळत नसल्याने कुटुंबाच्या प्रवासाच्या तारखा आधी विचारून मग आपल्या ठरवा. सौदीत वार्षिक रजा २१ दिवस, सलग पाच वर्षं झाल्यावर ३०. दुबईतल्या आर्थिक केंद्रासारख्या काही भागांचे नियम स्वतंत्र आहेत. पत्राचा सांगाडा सगळीकडे प्रश्न ४ मधलाच, आकडे तेवढे आपल्या कराराचे घाला.

१५. रजेत येणारे शुक्रवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या मोजतात का?

मोजतात. ३० दिवस हे कॅलेंडरचे दिवस आहेत. करारात तुमच्या फायद्याचं वेगळं काही लिहिलं असेल तरच सुटका. २०२५ ला ५ सप्टेंबरची प्रेषित जयंतीची सुट्टी गणपतीच्या दिवसांतच पडली होती. जे गावी गेले होते त्यांची ती रजेत गेली, जे इथे राहिले त्यांना ती फुकटची मिळाली. त्यावरून इथे आठवडाभर चर्चा रंगली होती.

१६. सरळ आजारी पडलो असं सांगितलं तर? किंवा "आई गेली"?

आजारपणाची रजा इथे डॉक्टरच्या कागदाशिवाय मान्य होत नाही आणि तीन कामाच्या दिवसांत कळवावं लागतं. तुम्ही तोवर माखजनला आरतीत टाळ कुटत असता आणि कुणीतरी व्हिडिओ स्टेटसला टाकतो. ते स्टेटस फोरमनही बघतो.

दुसऱ्याबद्दल काय बोलू? आईवडिलांच्या मृत्यूवर तीन दिवसांची भरपगारी रजा आहे आणि पुरावा मागतात. एका पोराने खरंच असं सांगितलं होतं. दोन वर्षांनी आई खरी गेली तेव्हा त्याने माझ्या टेबलापाशी येऊन आधी तोंड उघडलंच नाही. त्याला मृत्यूचा दाखला मागणं माझ्या नशिबी आलं.

१७. पासपोर्ट ऑफिसात आहे. तो कसा मागू?

कामगाराची कागदपत्रं ताब्यात ठेवायला मालकाला परवानगी नाही. तरी पुष्कळ ठिकाणी "सुरक्षित राहावा म्हणून" तो ऑफिसच्या कपाटात असतो. रजेच्या पत्रात त्यावर वाद घालू नका. मंजुरी आली की दुसऱ्या दिवशी एका ओळीचा ईमेल: "माझी रजा मंजूर झाली आहे, पासपोर्ट अमुक तारखेला घ्यायला येतो." तारीख उड्डाणाच्या आदल्या दिवसाची नको, पंधरा दिवस आधीची. पासपोर्टची आणि रेसिडेन्सीची मुदत त्याच वेळी बघून घ्या. सप्टेंबरात रेसिडेन्सी संपत असेल तर आधी नूतनीकरण, मग गणपती.

१८. गावी गेल्यावर दोन-चार दिवस वाढवता येतात का? दरड कोसळली, गाडी रद्द झाली तर?

रजा संपायच्या आत कळवलं तर बहुतेक वेळा वाढते. संपल्यावर कळवलं तर ती गैरहजेरी. तेवढ्या दिवसांचा पगार जातो, आणि योग्य कारणाशिवाय सलग ७ दिवसांपेक्षा जास्त किंवा वर्षात तुटक तुटक मिळून २० दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर नोटीस न देता काढायची मुभा कंपनीला मिळते. वर गैरहजेरीची नोंद सरकारकडे गेली की पुढचा व्हिसाही अडकतो.

भाद्रपदातल्या पावसात कोकण रेल्वे अडकणं नवीन नाही. रद्द झालेल्या गाडीचा रेल्वेचा मेसेज पुसू नका, त्याचा फोटो, नवीन तिकीट आणि नवी हजर व्हायची तारीख असं तिन्ही एकाच ईमेलात मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं कळवा. गावात रेंज नसेल तर वाडीतल्या ज्या खडकावर ती मिळते तिथे चढा. आमच्या वाडीत ती सहाणेच्या मागे मिळते.

१९. पत्र देऊन महिना झाला, हो नाही काहीच कळत नाही. परत विचारलं तर चिडतील का?

पत्रात उत्तराची तारीख लिहिली असेल तर विचारायला ते कारण पुरतं. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी आपली "मिळाले" लिहिलेली प्रत घेऊन जा आणि म्हणा, "१३ तारखेला आरक्षण उघडतंय साहेब." सकाळी सातला, मीटिंगच्या आधी जा. दुपारी जेवणानंतर कुणी सही करत नाही.